जुना लेझर प्रिंटर घेताना

भाऊ, नागपूरला बर्डीवर जुना लेझर प्रिंटर बघायला जाशील तेव्हा घरून वीस-पंचवीस कोरे कागद घेऊन जा. दुकानदार एक पान काढून दाखवतो आणि आपण खूश होतो, तिथंच गंमत होते.

आधी कॉन्फिगरेशन पेज काढायला सांग. त्यावर आजवर किती पानं निघाली तो आकडा असतो. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नको. मी घेतलेल्या प्रिंटरचा आकडा फक्त 9,000 होता, तरी आठवड्यात तो कागद उचलेना. रबराचा पिकअप रोलर घासून काचेसारखा गुळगुळीत झाला होता. ओल्या फडक्यानं पुसला की थोडी पानं नीट येतात, पुन्हा तेच. विकणाऱ्यानं बहुतेक तेच केलं होतं. म्हणून पंचवीस पानं सलग काढ, आणि ट्रे काढून रोलर बोटानं चाचपून बघ.

छापलेल्या पानावर अंगठा घास. शाई पुसली जात असेल तर ती तापवून कागदावर पक्की करणारा फ्यूजर गेलाय, तो खर्च मोठा. सारख्या अंतरानं काळा ठिपका येत असेल तर दुसरं कार्ट्रिज लावून बघ. ठिपका गेला तर दोष कार्ट्रिजच्या ड्रमचा होता, म्हणजे स्वस्तात सुटलास. नाही गेला तर प्रिंटर तिथंच ठेव.

आणि हो, पैसे देण्याआधी त्या मॉडेलचं कार्ट्रिज शेजारच्या दोन दुकानांत विचार. रिफिलवाल्यालाही.