पहिल्या परदेशवारीच्या टूरची जाहिरात: चार ओळींत काय हवं?

प्रश्न: जालन्यातून पहिल्यांदाच परदेशात जाणाऱ्या मित्रांच्या ग्रुपसाठी बजेट टूर काढतोय. व्हिएतनाम, ४ रात्री ५ दिवस. टॅगलाइन आणि चार ओळींची माहिती कशी लिहावी?

टॅगलाइन घ्या: "पासपोर्ट नवा, दोस्त जुने." तिच्यात कोणासाठी आणि कितव्यांदा हे दोन्ही आलं. "स्वस्तात मस्त" आणि "स्वप्नांना पंख" कृपा करून लिहू नका. त्या ओळी शिर्डी दर्शनालाही चालतात.

खरं काम खालच्या चार ओळींत आहे. ही जाहिरात प्रवासी थेट वाचत नाही. आठ जणांच्या ग्रुपमधला एकजण ती वाचतो, व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवतो आणि तिथून पुढे सगळे प्रश्न त्यालाच विचारतात. नंतर वर पैसे निघाले तर शिव्याही त्यालाच. म्हणून त्याला तोंडघशी पाडणारी एकही ओळ नको.

सगळ्यात जास्त तोंडघशी पाडते ती "४५,००० पासून" ही ओळ. समजा तुमचा भाव ४५,००० आहे. त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे २,२५० रुपये. व्हिएतनामचा एकदा प्रवेशाचा ई-व्हिसा २५ डॉलरचा, म्हणजे आणखी दोन हजारांच्या वर. स्वस्त विमान कंपन्यांच्या तिकिटात बऱ्याचदा फक्त ७ किलोची हातातली बॅग असते; मोठ्या बॅगेचे पैसे जाताना वेगळे, येताना वेगळे. त्यात जालना ते मुंबई रेल्वे आणि दुपारची जेवणं. पोराने घरी ४५ सांगितलेले असतात आणि आकडा बघता बघता पन्नाशीपार जातो. आधी सगळं सांगितलं तर गिऱ्हाईक पळतं, असं या धंद्यातले बरेच जण छातीठोक सांगतात. मला ते साफ अमान्य आहे. पळतो तो कसाही पळणारच होता, फक्त लपवलं तर आगाऊ रक्कम भरल्यावर भांडून पळतो. टीसीएस, म्हणजे टूरच्या पैशांसोबत आधीच गोळा होणारा आयकर, मात्र वेगळा दाखवा आणि शेजारी लिहा की तो आयकर रिटर्नमध्ये वळता होतो. नाहीतर लोक त्याला तुमचं कमिशन समजतात.

दुसरी फसगत दिवसांची. ४ रात्री म्हणजे हॉटेलातल्या ४ रात्री, असंच लिहा. विमानातली रात्र त्यात मोजू नका. जालनेकराला त्याच्या पुढे-मागे मुंबईचा प्रवास आहेच. दुकान किंवा नोकरी सोडून येणाऱ्याला "सुट्टी किती दिवसांची काढू" याचं उत्तर हवं असतं, ते सरळ द्या: ७ दिवस. विमान रात्री १२ नंतरचं असेल तर तारीख घात करते. शनिवारी पहाटे १२:३० चं विमान म्हणजे शुक्रवारी रात्री ९ ला विमानतळावर. पहिल्यांदा जाणारा तिकिटावर शनिवार वाचून शनिवारी रात्री निघायचा बेत करतो. जाहिरातीत तिकिटावरची वेळ देऊच नका, पोहोचायची वेळ द्या.

तिसरी गोष्ट खोल्यांची. मित्र जोडीजोडीने येत नाहीत. पाच, सात असे येतात. दोघांत एक खोली धरली की शेवटचा उरतो आणि त्याच्या माथी एकट्याच्या खोलीचा जादा आकार बसतो. हॉटेलशी तिसऱ्या पलंगाचं आधीच ठरवा आणि ते लिहा.

सगळं धरून मजकूर असा होईल:

"पासपोर्ट नवा, दोस्त जुने.
जालन्याहून व्हिएतनाममधल्या हनोईला, हॉटेलात ४ रात्री, सुट्टी ७ दिवसांची. शुक्रवारी रात्री ९ ला मुंबई विमानतळावर भेटायचं.
जालना–मुंबई–जालना रेल्वे, विमान, येता-जाता २० किलोची बॅग, व्हिसा, हा लाँग बेमधली बोट सफर, रोज नाश्ता आणि रात्रीचं जेवण, जीएसटीसह एकच आकडा: रु. ____.
टीसीएस वेगळा, रिटर्नमध्ये वळता होतो.
दुपारचं जेवण आणि खरेदी तुमची. पाच-सात जण असाल तर तिघांची खोली, त्याच भावात."

रिकाम्या जागी तुमचा खरा आकडा टाका, मागे "पासून" न लावता. विमानाचं भाडं रोज हलतं हे मला माहीत आहे; म्हणून हा आकडा कोणत्या तारखेपर्यंत नाव नोंदवलं तर लागू, ते खाली लिहा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं, तेव्हा नाव नोंदवायची शेवटची तारीख त्याच्याही आधीची ठेवा. व्हिसाची फी बदलू शकते, छापण्याआधी एकदा बघून घ्या.

आणि नाव नोंदवतानाच पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मागवा. मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने पुढे असावी. आपल्याकडे काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो आणि पूर्ण नाव एकाच ओळीत येतं. विमानाच्या तिकिटावर आणि व्हिसाच्या अर्जात ते वेगवेगळं तोडलं गेलं की माणूस काउंटरवर अडकतो, म्हणून दोन्ही एकाच माणसाने, पासपोर्ट समोर ठेवून भरावेत.