सुपातली सालं आणि रिपीटचं वर्ष

*‘मुलगी बारावी सायन्स, ६१ टक्के. सीईटीत ५४ पर्सेंटाइल. मी तिला रिपीट करायला सांगितलं आहे, क्लासची फी भरली आहे. तिचं म्हणणं, डिझाइन करायचं. मे महिन्यात तिने मामाच्या कोकम आगळासाठी इन्स्टाग्रामवर पाच फोटोंची एक पोस्ट केली, तेव्हापासून हे सुरू झालं. एक फोटो पाच तुकड्यांत कापायला कसली डिग्री लागते? सध्या मी फोन काढून घेतला आहे. ती भांडत नाही, बोलतही नाही. पाचही स्क्रीनशॉट जोडून सोबत पाठवतो आहे. तिला कसं समजवायचं ते सांगा.’ – एक वडील, वेंगुर्ले*

नमस्कार. आधी फोन परत द्या. आजच द्या.

तुमच्या पत्रातले टक्के आणि पर्सेंटाइल वाचून मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती ‘भांडत नाही, बोलतही नाही’ या ओळीची. सतरा-अठरा वर्षांचं पोर भांडतं, तोवर त्याला आपल्याकडून काहीतरी हवं असतं. तुम्ही तिला न विचारता फी भरलीत, आणि ज्यावर तिने पहिल्यांदा मनापासून काम केलं ती वस्तूच काढून घेतलीत. गप्प बसणं याला तुम्ही समजूतदारपणा म्हणत असाल तर ती चूक आहे. रिपीटचं वर्ष मनाविरुद्ध बसलेल्या मुलांचं काय होतं ते मी दर जूनमध्ये बघतो. वर्षभर खोलीत पुस्तक उघडं असतं आणि गुण जवळपास तिथेच राहतात. इंजिनिअरिंग तिला स्वतःला हवं असतं, तर मीच रिपीट करा म्हणालो असतो. तुमच्या पत्रात तसं एकही वाक्य नाही.

आणखी एक विचारतो. तिची पोस्ट तुम्ही अंगठ्याने सरकवून पाहिलीत का? तुम्ही मला पाच स्क्रीनशॉट एका ओळीत चिकटवून पाठवलेत, म्हणून वाटतं की नसावी. स्क्रीनशॉटमध्ये मामांच्या पेजचं नाव दिसत होतं, त्यावरून मी ती उघडली आणि बराच वेळ बघत बसलो.

‘एक फोटो पाच तुकड्यांत कापला’ हा तुमचा समज आधी दूर करू, कारण सगळा निर्णय तुम्ही त्यावर उभा केला आहे. अशा पोस्टची प्रत्येक चौकट साधारण १०८० पिक्सेल रुंद आणि १३५० उंच असते. पाचांची मिळून ५४०० पिक्सेलची लांब पट्टी होते आणि ती १०८०, २१६०, ३२४० आणि ४३२० वर कापतात. कापण्याचं काम कुणीही दोन मिनिटांत करेल. पण ती अख्खी पट्टी बघणाऱ्याला कधीच दिसत नाही. त्याच्यासमोर एका वेळी एकच खिडकी असते. दोन चौकटी एकत्र दिसतात त्या फक्त अंगठा सरकत असताना, क्षणभर. म्हणजे करणाऱ्याला दोन गोष्टी एकदम सांभाळाव्या लागतात. प्रत्येक चौकट थांबल्यावर स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे, आणि तिच्या उजव्या कडेला असं काहीतरी अर्धवट राहिलं पाहिजे की अंगठा आपोआप पुढे जाईल. तुम्ही चिकटवलेल्या पट्टीत हे दोन्ही दिसत नाही.

आता तुमच्या मुलीने काय केलं ते बघा. मागे घराचा चिऱ्याचा गडगा पाचही चौकटींतून सलग जातो. पहिलीत फांदीवरचे रातांबे, दुसरीत फोडलेली सालं, तिसरीत खळ्यात वाळणारी सोलं, चौथीत चिनीमातीची बरणी, पाचवीत आगळाची बाटली. इथवर कुणालाही सुचेल. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीच्या सांध्यावर तिने एक सूप ठेवलंय, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. डावीकडच्या अर्ध्यात ओली, लालभडक सालं आहेत. उजवीकडच्या अर्ध्यात तीच सालं मिठाच्या रसात बुडवून, पुन्हा पुन्हा उन्हात घालून काळपट झालेली. अंगठा सरकतो तेवढ्यात सालीची सोलं होतात. चार-पाच दिवसांचं ऊन आणि रसाची पुटं तिने एका सांध्यात बसवली आहेत. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. सांधा ही लपवायची जागा नाही, सांगायची जागा आहे, हे तिला आपसूक कळलं. व्यवसायात उतरलेल्या पुष्कळांना ते कळत नाही, ते पाचही चौकटींखाली एक रंगीत लाट ओढतात आणि सलग झालं म्हणतात.

पोस्टमध्ये चुका आहेत आणि त्या ठळक आहेत. त्याही सांगतो, म्हणजे तिला काय शिकायचं बाकी आहे ते तुम्हाला दिसेल.

गडगा धनुष्यासारखा वाकलाय. मधल्या चौकटीत चिरे मोठे आणि दोन्ही टोकांना लहान होत गेलेत. तिने फोनच्या पॅनोरमात एका जागी उभं राहून, अंग वळवत फोटो घेतला असणार. तसं केलं की सरळ भिंत अशीच फुगते, कारण मधला भाग फोनला जवळ आणि टोकं लांब असतात. बरं, गडग्याच्या कडेने चालत पाच फोटो काढून जोडले तरी चालत नाही, मागची माडाची झाडं प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी जातात आणि जुळत नाहीत. उपाय साधा आहे. लांब मागे जाऊन, गडग्याला बरोबर समोरून एकच फोटो घ्यायचा. बारा मेगापिक्सेलचा आडवा फोटो साधारण ४००० पिक्सेल रुंद असतो. त्यातून ४००० बाय १००० ची पट्टी काढायची आणि सव्वापटीहून थोडी जास्त मोठी करायची, की ५४०० होते. पार्श्वभूमी किंचित मऊ होते, ते बरंच, कारण पुढे ठेवायच्या वस्तू वेगळ्या, जवळून आणि स्पष्ट काढलेल्या असतात.

दुसरी चूक तुम्हालाही लगेच दिसेल. पोस्ट उघडा, दोन चौकटींच्या मध्ये अंगठा धरून ठेवा. प्रत्येक सांध्यावर एक उभी काळसर पट्टी आहे. पट्टी कापून झाल्यावर तिने प्रत्येक फोटोला तो कडा काळ्या करणारा फिल्टर लावला. फिल्टरला काय माहीत की ही पाचांतली एक चौकट आहे? त्याने पाचही फोटोंच्या चारही कडा काळ्या केल्या आणि सलग गडग्यावर चार रेघा उमटल्या. रंग, उजेड, जे काही करायचं ते अख्ख्या पट्टीवर करायचं, आणि कापणं सगळ्यात शेवटी. हा क्रम चुकला की बाकी कितीही मेहनत असली तरी सांधा चुगली करतो.

तिसरी चूक अक्षरांची. ‘आगळ’ हा मोठा शब्द तिने चौथ्या-पाचव्या सांध्यावर टाकला. चौथीवर थांबलं की नुसता ‘आ’ आणि त्याची कडेला तुटलेली शिरोरेषा, पाचवीवर थांबलं की ‘गळ’. सूप अर्धं दिसलं तरी सूपच राहतं, शब्द अर्धा झाला की दुसराच होतो. आपल्या लिपीत शिरोरेषा कडेपर्यंत गेली की वाचणाऱ्याला तो शब्द तुटल्यासारखाच वाटतो. म्हणून अक्षरं, लेबल, माणसाचा चेहरा हे कायम चौकटीच्या आत, कडेपासून हात राखून.

आणि बाटली थेट पाचवीत आहे. तिथवर किती जण पोचणार? न सरकवता पुढे गेलेल्याला इन्स्टाग्राम तीच पोस्ट कधी कधी पुन्हा दाखवतं, तेव्हा दुसऱ्या फोटोपासून. म्हणजे दुसऱ्या चौकटीलाही पहिलीसारखंच वागावं लागतं. मामांचा माल पहिल्या दोन चौकटींत कुठेतरी दिसायला हवा होता, निदान गडग्यावर लहानशी बाटली तरी.

यातली एकही चूक नजरेची नाही. सगळ्या शिकवून जाणाऱ्या आहेत.

मुलीलाही एक गोष्ट स्पष्ट सांगतो, हे तिला वाचायला द्या. इन्स्टाग्रामच्या पोस्ट करणं एवढ्यावर करिअर होत नाही. तयार साच्यात फोटो भरून देणारे गल्लोगल्ली आहेत आणि त्यांना त्याचे पैसेही तसेच मिळतात. शिकायचं आहे ते रचना, अक्षररचना, फोटोग्राफी, वेष्टन आणि जाहिरात. त्याला उपयोजित कला म्हणतात. त्यासाठी हाताने चित्र काढावं लागतं, पुष्कळ काढावं लागतं. ती तयारी नसेल तर आत्ताच सांग.

मार्ग सांगायचे तर बीएफए या कलेच्या पदवीसाठी राज्याची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा आहे, बारावी कुठल्याही शाखेची चालते, बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटीची यूसीड आणि एनआयडीची वेगळी परीक्षा आहे. तारखा त्या त्या परीक्षेच्या संकेतस्थळावर तिलाच बघू दे.

पण आज प्रवेशाचा निर्णय घेऊ नका, रिपीटचाही नको. तिला दहा दिवस द्या आणि हीच पोस्ट नव्याने करायला सांगा, आत्ताच्या पावसातली. रातांबे संपले, ऊन नाही, त्यामुळे सोलं वाळवण्याची गोष्ट आता सांगता येणार नाही. तिला नवी गोष्ट शोधावी लागेल. बाटलीपासून सोलकढीपर्यंतची असू शकेल, नारळाचं दूध आणि आगळ जिथे मिसळतात तो क्षण सांध्यावर ठेवता येईल. काय ते तिचं तिला ठरवू दे. ढगाळ उजेडाचा एक फायदा तिला सांगा. सावल्या पडत नाहीत, त्यामुळे सकाळी काढलेली बाटली आणि दुपारी काढलेली वाटी एकाच गडग्यावर शेजारी ठेवली तरी शोभतात. मेमधल्या तिच्या फोटोंत बरणीची सावली डावीकडे आणि बाटलीची उजवीकडे गेलीय, ते तिने बहुतेक पाहिलं नसेल.

दहा दिवसांत तिने ते केलं नाही, अर्धवट सोडलं, तर तेही मला कळवा. मग आपण वेगळं बोलू, आणि कदाचित डिझाइनबद्दल नसेलही.

केलं, तर दोघंही कुडाळला या. येताना न कापलेली लांब पट्टी घेऊन या, आणि कच्च्या कागदावर तिने आधी काही चितारलं असेल तर तेही. मी आधी कागद बघेन. आणि घरातून निघण्याआधी ती पोस्ट तुम्ही स्वतः, तिच्या शेजारी बसून, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सरकवून बघा.