पोस्टडॉकच्या मेलमध्ये थिसिस किती सांगायचा?

प्रश्न: मी पुण्यात पीएचडी करतेय. उसाच्या चिपाडापासून सोडियम-आयन बॅटरीसाठी हार्ड कार्बन बनवणं हा विषय. थिसिस सबमिट झालाय, व्हायवा बाकी आहे. युरोपातल्या बऱ्याच लॅबना पोस्टडॉकसाठी मेल केले, पण बहुतेकांचं उत्तरच आलं नाही. मेल सोबत जोडलाय. चुकतंय कुठे?
— एक विद्यार्थिनी, पाषाण

उत्तर: तुमचं काम चांगलं आहे, पण मेल वाचणाऱ्याला ते सापडतच नाही. पहिला परिच्छेद 'आपल्या नामांकित ग्रुपमध्ये काम करण्याची तीव्र इच्छा' यात गेला. दुसऱ्यात थिसिसचा अख्खा ॲबस्ट्रॅक्ट आणि तिसऱ्यात एक्सआरडी, रामन, एसईएम अशी उपकरणांची यादी. ही उपकरणं त्या विषयातल्या प्रत्येक अर्जदाराने हाताळलेली असतात.

सांगण्यासारखी गोष्ट ॲबस्ट्रॅक्टच्या मधोमध दडली आहे. चिपाडाचा कार्बन ९०० ऐवजी १३०० अंश सेल्सिअसला भाजल्यावर त्याचा सरफेस एरिया घटला आणि पहिल्या सायकलची एफिशियन्सी ६२ टक्क्यांवरून ८१ वर गेली. पहिल्या चार्जिंगला इलेक्ट्रोलाइटचं विघटन होऊन कार्बनवर एसईआयचा थर बसतो, त्यात अडकलेलं सोडियम परत मिळत नाही. पृष्ठभाग कमी तर हा तोटाही कमी, इथवर सरळ आहे. पण १५०० अंशांना सरफेस एरिया आणखी उतरला, तरी एफिशियन्सी ८१ च्या आसपासच थांबली. म्हणजे उरलेल्या तोट्याचं कारण पृष्ठभाग एवढंच नाही. ते इलेक्ट्रोलाइटमध्ये आहे की कार्बनच्या आतल्या दोषांत अडकलेल्या सोडियममध्ये, हे तुमच्या थिसिसमध्ये सुटलेलं नाही. तुम्ही ते 'पुढील काम' म्हणून एका ओळीत उरकलंत. मेलचा कणा मात्र तीच ओळ आहे, कारण ज्यांना लिहिलंत त्यांचा ग्रुप डायग्लाइमसारख्या ईथर इलेक्ट्रोलाइटवर काम करतो आणि ईथरमध्ये हा थर बहुधा पातळ बसतो.

मग मजकूर असा होईल (पाठवताना इंग्रजीत): 'चिपाडापासून बनवलेल्या हार्ड कार्बनमध्ये सरफेस एरिया कमी करून मी पहिल्या सायकलची एफिशियन्सी ६२ वरून ८१ टक्क्यांवर नेली. त्यापुढे सरफेस एरिया घटवूनही ती वाढली नाही. माझ्या सर्व मोजण्या कार्बोनेट इलेक्ट्रोलाइटमध्ये आहेत. तुमच्या ग्रुपच्या डायग्लाइमवरील कामाच्या आधारे, हेच नमुने दोन्ही इलेक्ट्रोलाइटमध्ये तपासून उरलेला तोटा एसईआयचा किती आणि आत अडकलेल्या सोडियमचा किती, हे वेगळं करता येईल असं मला वाटतं.' एवढ्यात तुमचा निष्कर्ष, त्याची मर्यादा आणि तुम्ही तिथे येऊन करणार असलेला प्रयोग, तिन्ही आलं. टीईएम सहकाऱ्याने केलं असेल तर तसं लिहा. मुलाखतीत त्यावर खोलात प्रश्न आले की खरं काय ते कळतंच.

लॅबमध्ये आज काय चाललंय हे छापील पेपरवरून ओळखू नका, ते काम वर्ष-दोन वर्षांपूर्वीचं असतं. जर्मन लॅबसाठी GEPRIS आणि युरोपियन युनियनच्या निधीसाठी CORDIS या साइटवर प्राध्यापकांचं नाव टाका. मंजूर प्रकल्पाचा सारांश मिळतो, कालावधीही कळतो. प्रकल्प सहा महिन्यांत संपणार असेल तर त्यातून तुमचा पगार निघणं अवघड. नुकताच सुरू झाला असेल तर त्या प्रकल्पाचं नाव घेऊन लिहा. ग्रुपचे ताजे प्रीप्रिंट ChemRxiv वर बघा. हे सगळं करायला प्रत्येक लॅबमागे अर्धा दिवस जातो, म्हणून मेल थोडेच जातील. माझ्या मते तेच बरं.

व्हायवाची अपेक्षित तारीख मेलमध्ये घाला. प्राध्यापकांकडे स्वतःचा निधी नसेल तर ते मेरी क्युरी फेलोशिपसाठी एकत्र अर्ज करू म्हणतील. तिची मुदत साधारणपणे सप्टेंबरमध्ये संपते आणि तोवर पीएचडीचा व्हायवा यशस्वीपणे पार पडलेला लागतो. आपल्याकडे सबमिशन ते व्हायवा महिने जातात, तेव्हा परीक्षकांचे अहवाल आले का याची चौकशी आत्ताच करा.

बाकी किरकोळ. विषयाच्या ओळीत 'पोस्टडॉक: हार्ड कार्बन, पहिल्या सायकलचा तोटा' असं काहीतरी लिहा. संबोधनात 'रिस्पेक्टेड सर' नको, 'डियर प्रोफेसर' आणि आडनाव पुरे. थिसिसची जड फाइल काढून दोन पानी सीव्ही आणि एक पेपर जोडा. दोन आठवड्यांनी एकदाच आठवण करा. आणि रेफरन्ससाठी गाइडचं नाव देण्याआधी कुठे लिहिताय हे त्यांना सांगून ठेवा. चौकशीचा मेल थेट त्यांच्याकडे जातो, आणि १५०० अंशांचे नमुने तुम्ही स्वतः केलेत का, हेही त्यांना विचारलं जाऊ शकतं.