‘तेवढा मुद्दा वगळा’ या मेलला उत्तर लिहिताना

प्रिय,

ऑडिट अहवालातला मुद्दा वगळा, या क्लायंटच्या मेलला तू लिहिलेल्या उत्तराचा मसुदा वाचला. सूर सभ्य आहे, पण ‘आम्ही विचार करू’ हे वाक्य काढून टाक. त्यातून क्लायंट एवढंच समजेल की अजून थोडा जोर लावला तर मुद्दा निघेल.

त्यांच्या मेलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. तू तपासलेल्या 25 पेमेंटपैकी 4 वेळा पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक बदलला गेला आणि ज्याने बदल केला त्यानेच पेमेंटही मंजूर केलं. त्यांचं पहिलं म्हणणं, यातल्या दोन पेमेंटना दुसऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी होती. दुसरं, गेल्या आठवड्यात सिस्टिममध्ये दोन मंजुऱ्या सक्तीच्या केल्या आहेत, मग आता मुद्दा कशाला?

पहिलं म्हणणं वस्तुस्थितीबद्दल आहे, ते मनापासून तपास. मंजुरीची पीडीएफ घेऊन थांबू नकोस. मूळ मेल किंवा सिस्टिमची नोंद बघ आणि तिची वेळ पेमेंटच्या वेळेशी ताडून पाहा. एक मंजुरी पेमेंटच्या आदल्या दिवशीची निघाली आणि दुसरी तू प्रश्न विचारल्यानंतरची, तर पहिल्या मंजुरीचं पेमेंट मुद्द्यातून वगळायचं, दुसरीचं राहतं. मग अहवालात ‘25 पैकी 3’ लिहायचं. आपला आकडा चुकला असेल तर दुरुस्त करायला कमीपणा वाटायचं कारण नाही. मात्र जुना मसुदा, नवा पुरावा आणि बदलाचं कारण वर्किंग पेपरमध्ये राहिलंच पाहिजे. आणि हे 25 व्यवहार तू जोखीम बघून निवडले आहेस, म्हणून ‘12 टक्के पेमेंट सदोष’ असं लिहू नकोस. यादृच्छिक नमुना नसताना ती टक्केवारी सगळ्या पेमेंटना लावता येत नाही.

दुसऱ्या म्हणण्याने मुद्दा जात नाही. अहवाल ज्या कालावधीचा आहे, त्यात ते नियंत्रण नव्हतं. शिवाय नवी सेटिंग चालू दिसली म्हणजे ती काम करते असं होत नाही. काही आठवड्यांचे व्यवहार झाल्यावरच पुन्हा तपासता येईल. कोणा एका युजरला दोन्ही अधिकार अजून आहेत का, हेही तेव्हाच बघ. सुधारणेला जागा आहे ती व्यवस्थापनाच्या उत्तराच्या रकान्यात: काय केलं, कोणत्या तारखेला, जबाबदार कोण.

उत्तर साधारण असं जाऊ दे:

‘आपण दिलेल्या पुराव्यानुसार एक व्यवहार वगळला आहे. उरलेल्या तीन व्यवहारांत पेमेंटपूर्वीची स्वतंत्र मंजुरी आढळली नाही, त्यामुळे मुद्दा अहवालात राहील. आपण केलेली सुधारणा आपल्या शब्दांत नोंदवू. मजकूर शुक्रवारपर्यंत पाठवावा. नव्या नियंत्रणाची तपासणी फेरतपासणीत होईल.’

फोन आला तर जरूर बोल, पण जे ठरलं ते त्याच दिवशी मेलवर टाक. ‘मुद्दा ठेवा, पण जोखीम उच्चऐवजी मध्यम करा’ ही मागणी बहुधा त्या फोनवरच येईल. नवा पुरावा नसेल तर श्रेणी हलवायची नाही. तरीही आग्रह राहिला तर तो लेखी मागून घे आणि माझ्याकडे पाठव.