टॅग काढला तरी फोटो तिथेच: मावशी ऐकेल, कार्यालयाच्या पेजचं काय?

प्रश्न: मावसबहिणीच्या लग्नातले माझे फोटो मावशीने फेसबुकवर टाकून मला टॅग केलंय. हळदीचा एक फोटो मंगल कार्यालयाच्या पेजवरही आहे. टॅग काढला की फोटो जाईल का? मावशीला न दुखावता कसं सांगू?

उत्तर: टॅग काढायची घाई करू नका. आधी फोटोची लिंक कॉपी करून ठेवा आणि तारीख, पेजचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. टॅग गेल्यावर दीडशे फोटोंच्या अल्बममध्ये तोच फोटो पुन्हा शोधणं वैताग असतो.

मग फोटोवरचे तीन ठिपके दाबून `Remove tag`. तिथलंच `Hide from profile` दाबू नका; त्याने फोटो फक्त तुमच्या प्रोफाइलवरून दिसेनासा होतो, टॅग तसाच राहतो. टॅग काढल्याने फोटो जात नाही, पण फायदा होतो. मावशीने फोटो फक्त तिच्या मित्रयादीसाठी ठेवला असेल, तरी तुमच्या टॅगमुळे तो सहसा तुमच्या यादीतल्यांनाही दिसतो, म्हणजे ऑफिसातल्यांनाही. ती वाट बंद होते. फोटोखाली 'प्लीज काढ ना' अशी कमेंट मात्र टाकू नका, त्याने तो आणखी लोकांसमोर जातो. ब्लॉकही नको: फोटो तिथेच राहतो, फक्त तुम्हाला दिसत नाही.

मावशीला फोन नको, फोनवर विषय भरकटतो आणि 'एवढं काय त्यात' सुरू होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर एकटीला लिहा, घरच्या ग्रुपवर नाही. मी साधारण असं लिहिते: 'मावशी, अल्बम मस्त झालाय. त्यातला हळदीचा, मी खाली बसलेय तो एक फोटो काढशील का? लिंक देते. त्याऐवजी आपला दोघींचा मांडवातला पाठवतेय, तो टाक.' कारण देऊ नका, कारण दिलं की त्यावर वाद घालता येतो. 'माझे सगळे काढ' म्हटलं तर कोणीच शोधत बसत नाही. एक फोटो, एक लिंक. काढता येत नाही म्हणाली, तर निदान अल्बम 'पब्लिक'वरून 'फ्रेंड्स'वर आणायला सांगा. (माझ्या एका आत्याला तेही जमलं नाही. शेवटी तिच्या मुलाने तिचा मोबाइल हातात घेऊन केलं.)

खरा ताप कार्यालयाचं पेज. माझ्या बाबतीतही असंच एक कार्यालय होतं, नाव घेत नाही. मेसेज केला तर उत्तर 'फोटोग्राफरशी बोला'. फोटोग्राफर म्हणाला, 'पेज त्यांचं आहे, मी काय करू?' पुन्हा कार्यालयात फोन केला तर 'मॅडम, छान दिसताय की!' आता याला काय बोलणार? मी 'माझी प्रायव्हसी' म्हणत राहिले आणि ते हसण्यावारी नेत राहिले. फेसबुककडे रिपोर्टही केला. साध्या, अंगभर कपड्यांतल्या लग्नाच्या फोटोला तिथे फारसा भाव मिळत नाही.

उपयोगी पडला तो कॉपीराइट. १९५७ च्या कायद्यातल्या कलम १७ (ब) प्रमाणे, पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो, फोटोग्राफर नव्हे. अर्थात करारात उलट लिहिलेलं नसेल तरच. म्हणजे हक्क माझा नव्हताच, ज्यांनी फोटोग्राफरचं बिल भरलं त्या माझ्या काकांचा होता. काकांनी बिलाचा फोटो जोडून कार्यालय आणि फोटोग्राफर दोघांना एकाच मेलमध्ये लिहिलं: 'हे फोटो मी पैसे देऊन काढून घेतलेत, जाहिरातीसाठी परवानगी दिलेली नाही, अमुक लिंकवरचा फोटो काढावा, नाहीतर फेसबुकच्या कॉपीराइट फॉर्मवर तक्रार करेन.' सूर नम्र, 'कळावे' वगैरे सगळं. फॉर्म भरायची वेळच आली नाही.

मी वकील नाही, हेही सांगते. तुमच्या मावशीकडच्यांनी फोटोग्राफरशी केलेला करार किंवा पावतीमागची बारीक अक्षरं आधी वाचा. 'फोटो प्रसिद्धीसाठी वापरू' असं छापलेलं असेल आणि त्यावर सही असेल, तर हा मार्ग लुळा पडतो, मग विनंतीच. फोटो पॅकेजमध्ये कार्यालयानेच दिलेल्या माणसाने काढले असतील, तरी पैसे कोणी आणि कशाचे दिले ते बिलात पाहा. पाहुण्याने स्वतःच्या मोबाइलवर काढलेला फोटो असेल तर हे लागूच होत नाही, त्याचा मालक तो पाहुणा. आणि कोणी अश्लील किंवा बदललेला फोटो टाकला असेल, तर ही गोडीगुलाबी सोडा आणि सरळ `cybercrime.gov.in` वर तक्रार करा.

पेजवरून फोटो गेल्यावर गुगलवर तुमचं नाव टाकून पाहा. चिमुकलं चित्र काही दिवस तिथे राहू शकतं. त्यासाठी गुगलचं `Refresh Outdated Content` पान आहे, तिथे गुगलच्या निकालातल्या त्या चित्राची लिंक कॉपी करून टाकायची.