‘जर’ आणि ‘ल्यास’ एका वाक्यात नांदत नाहीत

प्रश्न : ‘जर देखभाल शुल्क मुदतीत न भरल्यास तर दंड आकारला जाईल’ ही आमच्या सोसायटीच्या फलकावरची सूचना बरोबर आहे का? जर–तर, जो–तो या जोड्या नेहमी पूर्ण याव्या लागतात का? (गंगापूर रोड, नाशिक)

सूचना चुकीची आहे, आणि ही चूक फलक, परिपत्रके व बातम्या यांतून इतक्या वेळा कानी येते की आता शुद्ध वाक्यच अनेकांना अपुरे वाटू लागले आहे. ‘जर’ला पुढे पूर्ण क्रियापद असलेले वाक्य लागते. ‘भरल्यास’ हे पूर्ण क्रियापद नव्हे. ‘भरले’ या कृदंताचे सामान्यरूप ‘भरल्या’ आणि त्याला ‘रामास’मधला ‘स’ प्रत्यय, अशी त्याची घडण आहे. अट त्या प्रत्ययातच सांगून झालेली असते, त्यामुळे ‘जर’ आणि ‘तर’ दोघांनाही तिथे काम उरत नाही. शंका आली तर नकार कुठे बसतो ते पाहावे : ‘न भरल्यास’ मध्ये ‘न’ आधी येतो, ‘भरले नाही तर’ मध्ये ‘नाही’ नंतर येते, आणि ‘भरल्यास नाही’ असे कोणीही म्हणत नाही. म्हणून ‘शुल्क मुदतीत न भरल्यास दंड आकारला जाईल’ असे लिहावे, नाहीतर ‘शुल्क मुदतीत भरले नाही, तर दंड आकारला जाईल’ असे लिहावे. दोन्ही साच्यांची खिचडी करू नये.

दुसऱ्या वाक्यात ‘जर’ गाळला, हे मुद्दाम केले. ‘गंगापूर धरणातून पाणी सोडले तर दुतोंड्या मारुतीच्या पायांशी पाणी येते’ या वाक्यात काहीही उणे नाही. पण ‘जर पाणी सोडले, दुतोंड्या मारुतीच्या पायांशी पाणी येते’ म्हटले की वाक्य लंगडते. मराठीत जोडीतले पहिले अंग गळू शकते, दुसरे सहसा टिकते. शालेय व्याकरणे मात्र ‘जर–तर’ला संकेतबोधक उभयान्वयी अव्यय म्हणून एका खणात ठेवतात आणि ‘जो’ला संबंधी सर्वनाम म्हणून दुसऱ्या खणात, त्यामुळे हे एकच कुटुंब आहे ही मुख्य गोष्ट विद्यार्थ्याच्या हाती लागतच नाही.

कुटुंब आहे ते संस्कृतातल्या ‘य’ आणि ‘त’ यांचे. यदा–तदा, यत्र–तत्र, यथा–तथा या जोड्यांतला ‘य’ प्राकृतात ‘ज’ झाला, आणि जेव्हा–तेव्हा, जिथे–तिथे, जसा–तसा यांत तोच ‘ज’ दिसतो. ‘जर’ ‘यदि’पासून आला असे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांनी आधी ‘र’ कुठून आला ते सांगावे, कारण ‘यदि’चे प्राकृत रूप ‘जइ’ आहे आणि त्यात ‘र’चा मागमूस नाही. द्वादशचे ‘बारा’ झाले, म्हणजे ‘द’चा ‘र’ होतो, हा त्यांचा ठरलेला दाखला. पण तो बदल संख्यावाचकांतला आहे, तो हवा तिथे चिकटवता येत नाही. शिवाय ‘तर’साठी ते काय करणार? ‘तर’ सरळ ‘तर्हि’मधून येतो, आणि त्याचा जुना जोडीदार ‘यर्हि’ संस्कृतात हजर आहे. म्हणून मी यर्हि–तर्हि हीच व्युत्पत्ती मानतो. यात गंमत अशी की ‘यर्हि’चा मूळ अर्थ ‘ज्या वेळी’ असा आहे. आपली अट मुळात वेळच होती. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय ‘तरी अवधान’ अशा शब्दांनी सुरू होतो, तिथला ‘तरी’ आजच्या ‘तर’च्या अर्थाचा आहे, ‘असे असूनही’ या अर्थाचा नाही. पुढे कामे वाटली गेली : अटीला जर–तर, विरोधाला जरी–तरी. म्हणून आज ‘जर पाऊस आला तरी निघू’ हे चूक, ‘जरी’च हवा, किंवा नुसते ‘पाऊस आला तरी निघू’.

जो–तोचे गणित याहून वेगळे नाही. ‘कसेल त्याची जमीन’ यात ‘जो’ गळला आहे आणि कोणाचे काही अडलेले नाही. दोन्ही अंगे आली तर लिंग आणि वचन जुळले पाहिजे. विभक्ती मात्र ज्याच्या त्याच्या वाक्याप्रमाणे ठरते. ‘ज्याचे जळते त्याला कळते’ यात पहिली षष्ठी आहे, दुसरी चतुर्थी, आणि तरीही जोडी चोख आहे. ‘ज्यांनी अर्ज भरले त्याला पावती मिळेल’ हे मात्र चूक, कारण तिथे वचनच फुटले. ‘तो मुलगा, जो काल आला, माझा भाचा आहे’ ही इंग्रजीची उसनवारी. मराठीत ‘जो मुलगा काल आला तो माझा भाचा’, किंवा सरळ ‘काल आलेला मुलगा माझा भाचा’. हा ‘आलेला’ जो–तोचे काम एकटा करतो, जसा ‘आल्यास’ जर–तरचे करतो; आणि ‘जो काल आलेला मुलगा तो माझा भाचा’ असे आपण म्हणत नाही, मग ‘जर न भरल्यास तर’ का म्हणावे?