टू कोणाला, सीसी कोणाला

तू नवीन आहेस, म्हणून आधी एक प्रसंग सांगतो. म्हापशाच्या एका गिऱ्हाइकाने 40 पेट्यांची ऑर्डर 30 वर आणली. मी ते मेलमध्ये कळवलं, पण टूमध्ये वेर्ण्याचं गोदाम आणि पणजीचं अकाउंट्स दोन्ही टाकले आणि खाली लिहिलं, "कृपया बदल करावा." गोदामवाल्याने "30 भरतो" म्हणून नुसता रिप्लाय केला, तो फक्त मला आला. अकाउंट्सला वाटलं, गोदामाचा होकार आल्यावर बिल बदलू. तो त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. गाडी 30 पेट्या घेऊन निघाली, बिल 40 चं. मग क्रेडिट नोट काढावी लागली, गिऱ्हाइकाची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

तेव्हापासून मी टूमध्ये ज्याने काम करायचं तोच ठेवतो, सीसीत ज्याला फक्त कळायला हवं तो. दोघांकडे काम असेल तर नाव घेऊन वेगळी ओळ लिहितो: "गोदाम: 30 पेट्या भरा. अकाउंट्स: बिल 30 चं करा, त्यानंतरच गाडी सोडायची." संख्या, तारीख किंवा दर बदलला तर रिप्लाय ऑल. "मिळालं, धन्यवाद" एवढंच असेल तर एकट्याला.

आणि रिप्लाय ऑल दाबण्याआधी सीसी वाचच. गिऱ्हाईक त्यात असेल तर सवलतीची किंवा थकबाकीची आपसातली चर्चा त्या मेलमध्ये करू नकोस, त्यासाठी नवीन मेल सुरू कर. नुसतं नाव काढून भागत नाही, कारण पुढे कोणी जुन्याच मेलला उत्तर दिलं की गिऱ्हाईक परत आत येतं.